मुहूर्ताआधीचे सहा आठवडे: रंगीत लेन्स डोळ्यांत बसवताना

दादरच्या आमच्या लेन्स क्लिनिकमध्ये लग्नसराई सुरू होण्याआधी नवऱ्या मुली येऊ लागतात. बहुतेकींच्या मोबाइलमध्ये एक फोटो असतो: राखाडी किंवा मधाळ डोळ्यांची मॉडेल, खाली लेन्सच्या रंगाचं नाव. हाच रंग हवा, लग्न पुढच्या आठवड्यात आहे, असं सांगितलं की आम्ही शक्यतो नाही म्हणतो. या कामाला सहा आठवडे लागतात. ते कशात जातात हे एका नवरीच्या उदाहरणावरून सांगतो. वय सव्वीस, डोळे गडद तपकिरी, चष्मा रोजचा, लेन्स कधीच घातलेली नाही. लग्न दादरच्याच एका हॉलमध्ये, मुहूर्त सकाळी ११ वाजून ४० मिनिटांचा आणि त्याच संध्याकाळी रिसेप्शन.

तिलाही राखाडी रंग हवा होता. रंगाचा डबा काढण्याआधी तिला आरशासमोर बसवलं आणि तिचं स्वतःचं बुबुळ पाहायला सांगितलं. गडद तपकिरी बुबुळात रंगद्रव्य इतकं दाट असतं की त्यावर नुसती पारदर्शक रंगछटा असलेली लेन्स ठेवली तर काहीच दिसत नाही. तशा लेन्स मुळातच फिकट डोळ्यांसाठी असतात. आपल्याकडच्या डोळ्यांवर फरक दिसायचा तर अपारदर्शक छपाईची लेन्स लागते. तिच्यावर बारीक ठिपक्यांची जाळी असते, सहसा दोन-तीन रंगछटांची. ठिपक्यांच्या मधल्या फटींतून आपलं तपकिरी बुबुळ दिसत राहतं, आणि लांबून बघणाऱ्याचा डोळा ते दोन्ही मिसळून एकच रंग पाहतो. म्हणून डब्यावरचा फोटो फसवतो. तो बहुधा फिकट डोळ्यावर काढलेला असतो. तोच राखाडी आपल्या डोळ्यावर थोडा हिरवट किंवा मातकट होतो, आणि छपाई फार दाट असेल तर डोळा रंगवल्यासारखा सपाट दिसतो.

मध, हेझल आणि फिकट तपकिरी हे रंग इथल्या डोळ्यांवर जास्त खरे वाटतात, कारण फटींतून डोकावणारा तपकिरी त्यांच्याशी भांडत नाही. दुसरी गोष्ट काळ्या कडेची. काही लेन्सच्या छपाईला बाहेरून गडद वर्तुळ असतं. ते बारीक आणि विस्कटलेलं असेल तर डोळा टपोरा दिसतो, ठळक आणि रेखीव असेल तर बाहुलीसारखा. तिच्या बुबुळाची आडवी रुंदी ११.६ मिलिमीटर भरली. तिला आवडलेल्या एका लेन्सची गडद कडा त्याहून बरीच बाहेर जात होती. हातभर अंतरावरून ते छान वाटलं, पण शेजारी बसलेल्या आईला लगेच खटकलं: “अगं, हे तुझे डोळेच वाटत नाहीत.” आम्ही रंग तीन ठिकाणी दाखवतो: खिडकीच्या उजेडात, पिवळ्या दिव्याखाली आणि मोबाइलच्या फ्लॅशमध्ये. आरसा एक मीटर लांब ठेवतो, कारण हॉलमध्ये कुणी नवरीला वीतभर अंतरावरून बघत नाही. खिडकीत सुंदर दिसलेला राखाडी पिवळ्या दिव्याखाली मेल्यासारखा झाला. हॉलमधले दिवे पिवळेच असणार होते. शेवटी तिनेच मधाळ रंगावर बोट ठेवलं.

पण रंगाची ही निवड तपासणीनंतरची. सुरुवात मोजमापांनी झाली. नंबर नसलेल्या, केवळ दिसण्यासाठीच्या लेन्सलाही ही मोजमापं लागतात, कारण लेन्स डोळ्यावर बसते ती नंबरामुळे नव्हे, आकारामुळे. तिचा उजव्या डोळ्याचा नंबर उणे २.२५ होता. डाव्याला उणे २.५० आणि सोबत उणे ०.५० सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या असमान वक्रतेसाठीचा वेगळा नंबर. रंगीत लेन्स बहुतेक साध्या नंबरातच मिळतात, म्हणून लहान सिलिंडरचा अर्धा भाग मूळ नंबरात मिळवतात: अर्ध्याचा अर्धा ०.२५, म्हणजे डावी लेन्स उणे २.७५. सिलिंडर याहून बराच जास्त असता तर रंगीत लेन्सने तिला धूसर दिसलं असतं, आणि तसं आम्ही आधीच सांगितलं असतं.

मग डोळ्यासमोरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची वक्रता मोजली. ती दोन्ही डोळ्यांत साधारण ४५ डायॉप्टर आली, म्हणजे त्रिज्या ७.५ मिलिमीटर. सरासरी ७.८ च्या आसपास असते, म्हणजे हिचा कॉर्निया जरा जास्त उंचवट्याचा. ही एवढीशी गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. अश्रूंचा थरही पाहिला. पापणी मिटल्यानंतर तो किती सेकंदांत तुटतो हे मोजतात. दहा सेकंदांच्या आत तुटला तर डोळा कोरडा समजतात. तिचा बारा सेकंद टिकला. पापण्यांच्या कडेला मात्र तेलकट खवले होते, रोज काजळ न धुता झोपल्यामुळे. गरम शेक आणि पापण्या साफ करायला दोन आठवडे दिले आणि लेन्सची चाचणी तोवर पुढे ढकलली. सहा आठवड्यांतले दोन असे गेले.

पहिली चाचणी लेन्स ८.६ बेस कर्व्ह आणि १४.२ व्यासाची होती. बेस कर्व्ह म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूच्या वक्रतेची त्रिज्या, आकडा मोठा तर लेन्स सपाट. बाजारातल्या पुष्कळ रंगीत लेन्स याच मापाच्या असतात, आणि म्हणूनच “एकच माप सगळ्यांना चालतं” असा समज पसरला आहे. लेन्स घालून वीस मिनिटं थांबलो. सुरुवातीच्या पाण्याने लेन्स तरंगते, त्यामुळे घातल्या घातल्या केलेली तपासणी खोटी ठरते. मग स्लिट लॅम्प या डोळे मोठे करून दाखवणाऱ्या यंत्राखाली पाहिलं. चांगली बसलेली मऊ लेन्स पापणी मिटल्यावर अगदी थोडी हलते, मिलिमीटरचा दोन-चार दशांश भाग सरकते आणि परत मध्यावर येते. हिची जवळजवळ पूर्ण मिलिमीटर हलत होती आणि खाली, कानाच्या बाजूला उतरून बसत होती. कारण तेच: कॉर्निया जास्त उंच, लेन्स जास्त सपाट.

बिनरंगी लेन्स असती तर एवढ्याने फक्त थोडं टोचलं असतं. रंगीत लेन्समध्ये मात्र मधोमध साधारण पाच मिलिमीटरची स्वच्छ खिडकी असते आणि तिच्याभोवती छपाई. लेन्स सरकली की ही खिडकीही सरकते, आणि छापील ठिपके डोळ्याच्या बाहुलीच्या पुढ्यात येतात. तिने नेमकं तेच सांगितलं: “डावीकडे धुकं आल्यासारखं वाटतं, डोळे मिचकावले की जातं आणि परत येतं.” बाहेरून बघणाऱ्यालाही कळत होतं. नाकाच्या बाजूला तिच्या मूळ तपकिरी बुबुळाची चंद्रकोर उघडी पडत होती. दुसऱ्या कंपनीची ८.४ बेस कर्व्हची लेन्स घातली तेव्हा ती मध्यावर स्थिरावली. त्या कंपनीचा मधाळ रंग किंचित गडद होता आणि तिला पहिलाच जास्त आवडला होता. इथे आम्ही माघार घेत नाही. न बसणाऱ्या लेन्समधला सुंदर रंग फोटोत तिरळा डोळा देतो.

मग खोलीतले दिवे मालवले. अंधारात तरुण माणसाची बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत मोठी होते, पण लेन्समधली खिडकी पाचचीच राहते. छपाईची कड दृष्टीच्या आत येते आणि दिव्यांभोवती वलय दिसतं. लेन्स कितीही चांगली बसली तरी हे चुकत नाही, ते या लेन्सच्या घडणीतच आहे. म्हणून रात्री अशा लेन्स घालून गाडी किंवा स्कूटर चालवू नये. हे तिला आम्ही अंधारात दाखवून सांगितलं, कारण तोंडी सांगितलेलं कुणी लक्षात ठेवत नाही.

लेन्स कोणत्या प्रकारची घ्यायची यावर तिच्या मामेबहिणीचं मत ठाम होतं: वर्षभर चालणारी घे, पैसे वाचतात. नवरीसाठी आम्ही उलट सांगतो. लेन्स महिन्यातून एकदाच वापरायची असेल तर वर्षभराची जोडी म्हणजे वर्षभर डबीत पडून राहणारी जोडी. डबीतलं सोल्युशन शिळं होतं आणि जंतू वाढतात. तिच्यासाठी एका दिवसाच्या वापराच्या लेन्स घेतल्या, सहा जोड्या: तीन सरावाला, दोन लग्नाच्या दिवसाला, एक राखीव. मासिक लेन्स घेणाऱ्यांनी रोज काढल्यावर तळहातावर ताजं सोल्युशन घालून प्रत्येक बाजू बोटाने वीस सेकंद चोळावी, डबीत दर वेळी नवं सोल्युशन भरावं, जुन्यात भर घालू नये आणि डबी दर तीन महिन्यांनी बदलावी. नुसत्या सलाइनने लेन्स धुतली जाते, जंतू मरत नाहीत.

पाकीट कसं वाचायचं हेही शिकवावं लागतं. बंद पाकिटावर बेस कर्व्ह, व्यास, नंबर, लॉट नंबर, वापराची शेवटची तारीख, निर्जंतुक केल्याची खूण आणि उत्पादकाचं नाव हे सगळं हवं. परदेशी लेन्स असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि लायसन्स नंबरही हवा. मेकअपच्या सामानाच्या दुकानात काचेच्या बाटलीत नुसतं रंगाचं नाव लिहून मिळणाऱ्या लेन्सवर यातलं निम्मंही नसतं. अशी लेन्स कुणी तपासायला आणली तर आम्ही ओल्या कापसाच्या काडीने तिच्या दोन्ही बाजू हलकेच घासतो. काडीला रंग लागला तर रंगद्रव्य लेन्सच्या आत नाही, वर आहे. असा खडबडीत पृष्ठभाग पापणीला आणि कॉर्नियाला घासतो, आणि जंतूंना चिकटायला जागा मिळते. नमुन्याची म्हणून एकच जोडी दोघीतिघींच्या डोळ्यांत घालून दाखवणं तर याहून वाईट.

घालण्या-काढण्याच्या सरावाला तिला दोन तास लागले, पहिल्या दिवशी एवढे लागतातच. बिनसुगंधी साबणाने हात धुवायचे, ज्याचे धागे सुटत नाहीत अशा स्वच्छ कापडाने किंवा टिश्यूने पूर्ण कोरडे करायचे, आणि नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात करायची म्हणजे जोडी उलटीपालटी होत नाही. लेन्स तर्जनीच्या टोकावर ठेवून बाजूने पाहायची. कडा सरळ वर गेलेल्या असतील, वाटीसारख्या, तर ती सुलट. कडा बशीसारख्या बाहेर पसरल्या असतील तर उलटी. उलटी लेन्सही डोळ्यात जाते, पण टोचते आणि जास्त हलते. मधल्या बोटाने खालची पापणी, दुसऱ्या हाताने वरची पापणी पापण्यांच्या केसांच्या मुळाशी धरायची. केस मोकळे राहिले तर मिटण्याची प्रतिक्रिया जिंकते.

काढताना बहुतेकजणी थेट मध्यावर चिमटा घेतात, तिनेही घेतला. वर बघायचं, बोटाने लेन्स खाली पांढऱ्या भागावर ओढायची आणि मग बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही, उचलायची. लेन्स सुकून चिकटली असेल तर ओढायची नाही. लेन्सवर चालणारे थेंब घालून काही मिनिटं डोळे मिचकावायचे, ती हलू लागली की मगच काढायची. कोरडी लेन्स ओरबाडली की तिच्याबरोबर कॉर्नियाचा वरचा थर सोलला जातो.

सरावाच्या वेळी तिने विचारलं, “मॅडम, लग्नात नेल एक्स्टेन्शन करणार आहे, चालेल ना?” चालणार नव्हतं, निदान सगळ्या बोटांना नाही. लांब ॲक्रिलिक नखं लेन्स फाडतात आणि कॉर्नियावर ओरखडा काढतात. तडजोड अशी झाली की दोन्ही हातांच्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं नख आखूड ठेवायचं. नखवालीला आधी सांगून ठेवलं तर ती चारही नखं बाकीच्यांना शोभतील अशी करते.

घरच्या सरावात पहिल्या दिवशी तीन तास, मग एक दिवस आड करून पाच आणि सात. सातव्या तासानंतर ती आली, तेव्हा लेन्स काढून डोळ्यात फ्लुरोसीनचा थेंब घातला. हा पिवळा रंग निळ्या प्रकाशात कॉर्नियावरचे ओरखडे हिरवे दाखवतो. लेन्स डोळ्यात असताना घातला तर मऊ लेन्सच तो शोषून घेते. कुठेही डाग नव्हता. बुबुळाच्या कडेची लाली थोडी वाढली होती. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू अश्रूंतून आणि हवेतून घेतो. दिवसभर झाकून ठेवलं की कडेच्या वाहिन्या फुगून तेच सांगतात. म्हणून तिच्यासाठी मर्यादा ठरली: एका वेळी सलग सात तास, त्याहून जास्त नाही.

आता लग्नाच्या दिवसाचं गणित. मेकअपवाली पहाटे साडेसहाला येणार आणि रिसेप्शन रात्री साडेदहाला संपणार. सलग धरलं तर सोळा तास. म्हणून दिवस दोन जोड्यांत तोडला. पहिली जोडी पावणेसातला घालून पावणेदोनला, पंगत उठल्यावर काढायची आणि फेकायची. मग सव्वासहापर्यंत चष्मा, जमलं तर तासभर झोप. दुसरी, नवी जोडी रिसेप्शनच्या मेकअपआधी. हा बेत एका दिवसापुरताच. दुसऱ्या दिवशी कुलदैवताला जायचं असेल तरी चष्म्यावरच.

लग्नाच्या आदल्या दोन दिवसांत लेन्स अजिबात नाही. हळदीच्या दिवशी बोटांच्या पेरांत आणि नखांत शिरलेली हळद साबणाने एका धुण्यात जात नाही, आणि मऊ लेन्स तो पिवळा रंग पटकन धरते. मेंदी रंगावी म्हणून हातांना लिंबू-साखर आणि नीलगिरीचं तेल लावतात. ते तेल पेरांवर राहिलं तर लेन्सवर पातळ पडदा धरतो आणि डोळा झोंबतो. लग्नाच्या सकाळी लेन्सला हात लावण्याआधी दोनदा साबण, हे आम्ही कागदावर लिहून दिलं.

क्रम असा ठरला: आधी केसांचा स्प्रे, मग लेन्स, मग डोळ्यांचा मेकअप. मेकअपनंतर लेन्स घातली तर पावडर आणि शॅडोचे कण बोटावरून लेन्सखाली जातात आणि दिवसभर कुसळासारखे टोचतात. पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर काजळ नको. तिथेच तेलाच्या ग्रंथींची तोंडं असतात, आणि काजळ तिथून थेट लेन्सवर उतरतं. कोरडी चमकी नको. खोट्या पापण्यांचा गोंद पूर्ण सुकेपर्यंत डोळे मिटून ठेवायचे. रात्री उलट क्रम: आधी लेन्स काढायची, मग मेकअप. तेलकट रिमूव्हर लेन्स डोळ्यात असताना वापरला तर ती धूसर होते आणि डोळा चुरचुरतो.

धुराची भीती खरी होती. लाजाहोमाला नवरा-नवरी होमकुंडापासून हातभर अंतरावर बसतात, आणि तुपाचा धूर ओल्या लेन्सवर बसतो. तिने भटजींना आधी सांगितलं. होमाच्या वेळी वाऱ्याची दिशा पाहून पाट थोडा तिरपा ठेवला आणि पंखा मागून लावला. धूर थेट आला तर डोळे चोळायचे नाहीत, मिटून घ्यायचे, मग प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या थेंबाच्या छोट्या कुपीतले दोन थेंब. ही कुपी करवलीच्या पिशवीत होती. तीत आणखी हे होतं: राखीव जोडी, चष्मा, हातासाठी कोरडे टिश्यू. अक्षता पडताना मान थोडी खाली. पाठवणीला रडू येणारच होतं. अश्रूंनी लेन्स बिघडत नाही, फक्त काही मिनिटं सैल होते. रुमाल डोळ्यावर दाबून घासला तर मात्र ती निसटते, म्हणून टिपायचं ते गालावर.

पाणी कुठल्याही कारणाने नाही. मुंबईतल्या इमारतींत नळाचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. टाकी कितीही धुतलेली असो, नळाच्या पाण्यात अकांथामीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. तो लेन्सवर चिकटून कॉर्नियात शिरला की उपचार महिनोन्महिने चालतात. हॉलमध्ये लेन्स खाली पडली तर नळाखाली धुवून परत घालायची नाही, राखीव काढायची. लेन्स घालून आंघोळ नाही, तोंडावर पाण्याचे हबके नाहीत, झोप नाही, दहा मिनिटांची डुलकीसुद्धा नाही.

कागदाच्या तळाशी चार ओळी होत्या, आणि त्या करवलीकडून आम्ही मोठ्याने वाचून घेतल्या. लेन्स काढल्यावरही डोळा दुखत राहिला, लाल झाला, उजेड सहन होईना, चिकट स्राव आला, धूसर दिसू लागलं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं, सकाळची वाट पाहायची नाही. लेन्समुळे होणाऱ्या जखमांत स्यूडोमोनास हा जंतू फार वेळा सापडतो आणि तो चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत कॉर्निया पोखरू शकतो. घरातले स्टेरॉइडचे थेंब घालायचे नाहीत, त्याने लाली जाते आणि जंतू वाढतो. डोळा पट्टीने बांधायचा नाही. काढलेली लेन्स आणि असेल तर डबी फेकायची नाही, सोबत न्यायची, म्हणजे त्यावरून जंतू ओळखता येतो.

लग्नानंतर चौथ्या दिवशी ती तपासणीला आली. होमाच्या वेळी उजवा डोळा थोडा झोंबला होता, दोन थेंबांत शांत झाला. पावणेदोनची जोडी अडीचला निघाली, पंगत लांबली म्हणून. कॉर्निया स्वच्छ होता. तिची राखीव जोडी न उघडता शिल्लक होती, आणि बरोबर आलेल्या धाकट्या बहिणीने ती मागितली. बहिणीला नंबर नव्हता, म्हणून तसाही तिच्या डोळ्यांवर त्यातून बघताना ताण आला असता. वक्रता मोजली तर त्रिज्या ७.९ मिलिमीटर भरली. ८.४ ची लेन्स या सपाट कॉर्नियावर घट्ट बसली असती. घट्ट लेन्स सुरुवातीला फार आरामाची वाटते, कारण ती हलतच नाही. पण हलत नाही म्हणजे तिच्याखालचे अश्रू बदलत नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत पांढऱ्या भागावर लेन्सच्या कडेचा वळ उमटतो. बहिणीसाठी आम्ही ८.६ बेस कर्व्हची, बिननंबरची चाचणी लेन्स काढली आणि घड्याळात वीस मिनिटं लावली.